दर तासाला गाडी सुटते, प्रवास 5 तासांचा, मग समोरून किती गाड्या भेटतील?

प्रश्न: दोन्ही टोकांच्या स्टेशनांवरून दर तासाला एकमेकांकडे गाडी सुटते. प्रवासाला 5 तास लागतात. मी एका गाडीत बसलो तर समोरून येणाऱ्या किती गाड्या भेटतील? मला 5 वाटतं, मित्र 9 म्हणतो आणि मुलाच्या पुस्तकात मागे 11 छापलंय. बरोबर कोण?

उत्तर: मित्र आणि पुस्तक दोघंही बरोबर आहेत, चुकलात तुम्ही एकटेच. पण वाईट वाटून घेऊ नका, हे गणित पहिल्यांदा ऐकल्यावर मीही ठामपणे 5 च म्हणालो होतो.

गोष्ट सोपी जावी म्हणून स्टेशनांना नावं देऊ. समजा तुम्ही पुण्याहून सोलापूरला निघालात. (या मार्गावर खरंच दर तासाला गाडी आहे असं नाही, नावं फक्त बोलायला.) तुमची गाडी दुपारी 12 वाजता सुटते आणि संध्याकाळी 5 ला पोचते. तुम्ही मनात काय मोजलंत? मी निघाल्यानंतर सोलापूरहून 1 ची सुटेल, 2 ची, 3 ची, 4 ची, 5 ची, झाल्या पाच. इथेच गफलत आहे. तुम्ही पुण्यात चहा पीत गाडीची वाट बघत होता तेव्हा रूळ काही रिकामे नव्हते. सोलापूरहून सकाळी सुटलेल्या गाड्या वाटेतच होत्या, आणि पुण्याला पोचायच्या आधी त्यांना तुम्हाला ओलांडावंच लागणार.

म्हणून मोजायला सुरुवात 12 पासून नाही, सकाळी 7 पासून करायची. 7 ला सोलापूरहून निघालेली गाडी बरोबर 12 ला पुण्यात शिरते, म्हणजे तुमची सुटते त्याच क्षणी. आणि शेवट 5 च्या गाडीवर, कारण तुम्ही सोलापुरात शिरता तेव्हा ती नेमकी हलते. 7, 8, 9 असं करत संध्याकाळी 5 पर्यंत बोटांवर मोजा, 11 भरतात. पहिली आणि शेवटची या फलाटावरच्या भेटी. त्यांना 'वाटेत भेटली' म्हणायचं की नाही यावरच तुमच्या मित्राचं आणि पुस्तकाचं भांडण आहे. फलाटावरच्या दोन धरल्या तर 11, सोडल्या तर 9.

हे कोडं जुनं आहे. एदुआर ल्युका या 19व्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावावर ते सांगतात, फक्त त्यात गाड्यांऐवजी ल हाव्र आणि न्यूयॉर्क यांच्यामधली जहाजं आहेत. रोज दुपारी दोन्ही बंदरांतून एकेक जहाज सुटतं, सफर 7 दिवसांची. तिथेही पटकन तोंडात 7 येतं आणि उत्तर, बंदरातली दोन धरून, 15 आहे.

आता कधी भेटतात ते बघा, कारण खरी मजा तिथे आहे. 8 ची गाडी 12 वाजता पुण्यापासून एक तासाच्या अंतरावर असते. तुम्ही तिच्याकडे जाताय, ती तुमच्याकडे येतेय, दोघांचा वेग सारखा, म्हणून एक तासाचं अंतर अर्ध्या तासातच मिटतं आणि ती 12:30 ला भेटते. पुढची 1:00 ला, मग 1:30 ला, असं 4:30 पर्यंत. गाड्या तासाने सुटतात पण भेटतात अर्ध्या तासाने. मुंबईच्या लोकलमध्ये हे ताडून बघता येतं. समोरच्या दिशेला दर 4 मिनिटांनी गाडी असेल, तर खिडकीतून ती तुम्हाला साधारण दर 2 मिनिटांनी दिसते. फक्त उजवीकडची खिडकी पकडा, आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाड्या डावीकडून धावतात.

9 की 11 हा वाद नकोच असेल तर सोलापूरच्या गाड्या अर्ध्या तासावर सोडा, म्हणजे 7:30, 8:30 अशा. मग फलाटावर कुणीच भेटत नाही. 7:30 पासून 4:30 पर्यंतच्या सरळ 10 गाड्या, पहिली 12:15 ला आणि शेवटची 4:45 ला. प्रश्नात समोरच्या गाड्यांच्या सुटायच्या वेळा दिल्याच नसतील, तर उत्तर एक आकडा नसतंच, असं माझं मत.

कुणी विचारेल, गाडी मध्ये थांबते, कुठे हळू जाते, कुठे पळते, मग हा हिशेब टिकतो का? टिकतो. रेल्वेचा सेक्शन कंट्रोलर जो तक्ता ठेवतो त्यात आडवी वेळ असते, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. तुमची रेघ वर चढते, समोरच्यांच्या खाली उतरतात. गाडी थांबली की रेघ तेवढी आडवी होते, पण तुटत नाही. त्यामुळे भेटायची जागा आणि वेळ सरकते, भेटींची संख्या तीच राहते. वहीच्या चौकटीच्या पानावर तुमची एक आणि समोरच्यांच्या 11 रेघा ओढून मुलाला दाखवा, त्याला सूत्र पाठ करायची गरज पडणार नाही.

संख्या बदलते ती एकूण प्रवासाचा वेळ बदलला तर. कर्जतहून लोणावळ्याला गाडी घाट चढते तेव्हा मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, म्हणजे जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखाच असेल असं धरून चालत नाही. समजा तुम्हाला 5 तास लागतात आणि समोरच्यांना 4. मग तुम्ही सुटता तेव्हा पोचणारी गाडी 7 ची नाही, 8 ची असते. 8 ते 5 मिळून 10, फलाटावरच्या दोन वगळून 8. थोडक्यात, दोन्ही बाजूंच्या प्रवासाच्या वेळा मिळवायच्या आणि गाड्यांमधल्या अंतराने भागायचं: (5 + 4) ÷ 1 = 9. दोन्ही टोकांना भेट होत असेल तर त्यात एक मिळवा, दोन्ही सोडायच्या असतील तर एक वजा करा. दोन्हीकडे 5 तास असतील तेव्हा हेच 10 येतं, म्हणून 11 आणि 9.

उशीर झाला तरी हेच तत्त्व. तुमची गाडी सिग्नलला अडकून 6 ला पोचली तर सोलापूरहून 6 ला निघणारीही भेटेल, म्हणजे एक वाढली. उलट सकाळी 6 ची गाडी 11 ला पोचायची ती दीड तास रखडली, तर तीही तुम्हाला वाटेत सापडेल. एरवी ती तुमच्या गणितात नव्हतीच.

एक गोष्ट मात्र पुस्तकातलं गणित गृहीत धरून बसतं: दोन रूळमार्ग. कोकण रेल्वेसारख्या बऱ्याचशा एकेरी मार्गावर 'भेट' म्हणजे क्रॉसिंग. एकीने स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, म्हणजे लूप लाईनवर थांबायचं आणि दुसरीने निघून जायचं. तिथे तुमच्या प्रश्नातलं वेळापत्रक चालवायचं तर वाटेतल्या नऊ भेटी रानात कुठेही होऊन चालणार नाहीत. दर अर्ध्या तासाच्या अंतरावर, नेमक्या त्या जागी, लूप असलेलं स्टेशन हवं. आणि एक गाडी वीस मिनिटं लटकली की समोरची तिची वाट बघत उभी, आणि तिच्यामुळे तिला पुढे भेटणारीही. कोकणातल्या प्रवाशाला हे सांगायला नको, 'क्रॉसिंगला थांबलीये' हे त्याने पुस्तकात नाही, डब्यात बसून शिकलेलं असतं.