डेडलॉक झाल्यावर शोधून काढणं बरं की होऊच न देणं? वेट-डाय आणि वूंड-वेटमध्ये नक्की फरक काय, आणि हे खरंच कोणी वापरतं का?

सगळा डेटा एकाच सर्व्हरवर असेल तर शोधणं बरं, डोळे झाकून. वेगवेगळ्या सर्व्हरवर विखुरलेला असेल तर होऊच न देणं बरं, आणि तेही वूंड-वेटने. वेट-डायचं नाव काढलं की माझं डोकं उठतं. का, ते सांगते.

एका जुन्या नोकरीत गोदामांतल्या मालाची नोंद दोन मायएसक्यूएल सर्व्हरवर होती, अर्धी गोदामं इकडे, अर्धी तिकडे. माल एका गोदामातून दुसऱ्यात हलवायचा तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन्हीकडच्या ओळी लॉक कराव्या लागत. रात्री हिशोब बंद करणारा जॉब सुरू झाला की काही बदल्या अडकायच्या आणि बरोबर 50 सेकंदांनी पडायच्या. लॉगमध्ये एवढंच:

```
ERROR 1205 (HY000): Lock wait timeout exceeded; try restarting transaction
```

सगळे म्हणाले, लोड वाढलाय. मला तो आकडा खटकला. मायएसक्यूएलचं डेटा आणि लॉक सांभाळणारं इंजिन म्हणजे इनोडीबी. तिला डेडलॉक दिसला तर ती 1213 ही एरर देते, आणि लगेच देते. 1205 याचा अर्थ तिला चक्र दिसलेलंच नाही, ती नुसती वाट बघून कंटाळली. 50 सेकंद ही `innodb_lock_wait_timeout` ची मूळ किंमत आहे.

मग कागद घेतला. पहिल्या सर्व्हरवर ओळ 17, म्हणजे एका गोदामाचा एकूण साठा, जॉबच्या ताब्यात आणि बदली तिची वाट बघतेय. बाण बदलीकडून जॉबकडे. दुसऱ्या सर्व्हरवर ओळ 42 बदलीने धरलेली आणि जॉब तिच्यासाठी थांबलाय. बाण जॉबकडून बदलीकडे. प्रत्येक सर्व्हर आपापला वेट-फॉर ग्राफ बघतो आणि त्यात बाण एकच. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले तरच चक्र दिसतं, आणि ते धरणारं कोणी नव्हतं.

त्यात आमच्याच कोडने भर घातली होती. 1213 आली की इनोडीबी पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेते, पण 1205 आली की मूळ सेटिंगमध्ये फक्त शेवटचं स्टेटमेंट मागे जातं, आधीचे लॉक तसेच राहतात. आमचा कोड तेवढं स्टेटमेंट परत चालवायचा. म्हणजे बदलीने 42 धरूनच ठेवायची आणि 17 साठी आणखी 50 सेकंद थांबायचं.

आमच्या आर्किटेक्ट सरांनी ठरवलं की दोन्ही सर्व्हरच्या पुढे आपली लॉक सर्व्हिस ठेवायची आणि तिच्यात वेट-डाय. नियम सोपा आहे. प्रत्येक ट्रान्झॅक्शनला जन्मवेळ मिळते. थोरल्याला धाकट्याकडचा लॉक हवा असेल तर थोरला थांबतो. धाकट्याला थोरल्याकडचा हवा असेल तर धाकटा मरतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. सगळे बाण थोरल्याकडून धाकट्याकडेच, त्यामुळे चक्र होऊच शकत नाही. वूंड-वेटमध्ये थोरला थांबत नाही, धाकट्याला हाकलून लॉक घेतो. धाकटा मात्र थोरल्यासाठी मुकाट्याने थांबतो. बाण सगळे उलटे, चक्र तरीही नाही. नावातला पहिला शब्द थोरला काय करतो ते सांगतो, दुसरा धाकट्याचं. एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

मी वूंड-वेट सुचवलं. सर म्हणाले, ‘चालू काम मध्येच मारायचं? रानटीपणा आहे हा. वेट-डायमध्ये मरणारा निदान आपल्या पायाने चालत येऊन मरतो.’ मीटिंग हसली, विषय संपला.

पहिल्या रात्री जॉब संपलाच नाही. सकाळी बघितलं तर 212 प्रयत्न आणि सगळे मेलेले. कोड असा होता:

```
while not done:
    ts = now()
    done = run(job, ts)
```

जॉब पहिल्याच पावलाला ओळ 17 मागायचा, आणि त्या ओळीवर बदल्यांची सतत वर्दळ. दर खेपेला नवी जन्मवेळ घेऊन आलेला जॉब आत्ताच जन्मलेला असायचा, म्हणजे ओळ ज्याच्या हातात आहे तो त्याच्यापेक्षा थोरलाच. परत मर. `ts` ची ओळ लूपच्या वर नेली, आणि पुढच्या रात्री जॉब सुरुवातीला पाच-सहा वेळा मेला, तोवर त्याच्याहून थोरल्या बदल्या आटोपल्या आणि तो सगळ्यांत थोरला झाला. त्यानंतर तो फक्त थांबायचा. मेलेल्याने जुनी जन्मवेळ घेऊनच परत यायचं, ही अट दोन्ही पद्धतींना लागू आहे.

सर खूश. ‘बघ, चालतं की नाही वेट-डाय!’

चालत नव्हतं. आता बदल्या मरत होत्या. जॉब ओळ 17 तीन-तीन मिनिटं धरायचा. बदली यायची, 42 लॉक करायची, 17 मागायची, थोरला जॉब बघून मरायची, लगेच उठून परत 42, परत 17, परत मरण. एका बदलीचे मी 340 जन्म मोजले. वूंड-वेटमध्ये हीच बदली 17 च्या रांगेत उभी राहिली असती. जॉबला 42 लागली असती तेव्हा ती एकदा मेली असती, परत येऊन 42 पाशीच जॉबच्या मागे थांबली असती. एकच रोलबॅक.

हे दाखवलं तर सर म्हणाले, रीट्रायमध्ये 200 मिलिसेकंदांचा स्लीप टाका. म्हणजे शेवटी थांबवलंच ना धाकट्याला! फक्त रांगेशिवाय.

आता त्यांच्या बाजूचंही सांगायला हवं. वूंड-वेटमध्ये चालू ट्रान्झॅक्शनपर्यंत ‘तू मेलास’ हा निरोप पोचवावा लागतो, आणि त्याचं बरंच झालेलं काम वाया जाऊ शकतं. टू-फेज कमिटमध्ये, म्हणजे सगळ्या सर्व्हरना आधी ‘तयार?’ विचारून मगच काम पक्कं करतात तिथे, ‘तयार’ म्हणून मोकळ्या झालेल्याला मारताही येत नाही, तिथे थोरल्याला थांबावंच लागतं. धोका नाही, कारण ‘तयार’ झालेला आणखी लॉक मागणार नसतो, पण कोडमध्ये हा अपवाद लिहावा लागतो.

शिवाय दोन्ही पद्धती चक्र नसतानाही बळी घेतात, म्हणूनच एका सर्व्हरवर त्या नकोत. तिथे पोस्टग्रेसही आधी एक सेकंद (`deadlock_timeout`) नुसतं थांबतो आणि मगच ग्राफ तपासतो, कारण बहुतेक लॉक तेवढ्यात सुटतात. तुम्ही ओळी आयडीच्या क्रमाने लॉक करा आणि 1213 किंवा पोस्टग्रेसची `40P01` आली की पूर्ण ट्रान्झॅक्शन परत चालवा. आम्हालाही क्रमाने भागलं असतं, पण जॉबला कोणत्या ओळी लागणार हे वाचता वाचताच कळायचं.

कोण वापरतं विचारलंत. गूगलचा स्पॅनर हा अनेक सर्व्हरवर पसरलेला डेटाबेस वूंड-वेट वापरतो, त्यांच्या 2012 च्या निबंधात तसं स्पष्ट लिहिलंय. लिनक्स कर्नलमध्येही `ww_mutex` नावाचा लॉक आहे, ww म्हणजे वूंड-वेटच. स्पॅनरचा तो परिच्छेद मी सरांना मेल केला होता. उत्तर आलं, ‘आपण गूगल नाही.’ स्लीप अजून तिथेच आहे म्हणे.