महिन्याचं भागतंय, मग वर्षाचं का नाही?

ताई,
हे मार्चमध्ये अंबडच्या कंपनीतून 58व्या वर्षी निवृत्त झाले. मी 56 वर्षांची. ज्येष्ठ नागरिक योजनेत यांच्या नावे 30 लाख, पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या नावे 15 लाख आणि बँकेत 6 लाख आहेत. व्याज आणि पीएफची पेन्शन मिळून महिन्याला 32,950 येतात, त्यात पेन्शन 3,200. घरखर्च 27,000. रोज रात्री जेवणं झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडतो. हे म्हणतात, भागतंय. घरपट्टी, आरोग्य विमा, दिवाळी, आहेर, स्कूटर, चष्मा-दात यांचे वर्षाचे 90,000 वहीत नाहीतच, तर म्हणे ‘तेव्हाचं तेव्हा बघू’. आता बँकेतले 6 लाख मुलाच्या पुण्याच्या फ्लॅटला द्यायचं म्हणतात. मी विरोध केला की चिडतात. माझं चुकतंय का?
— एक वाचक, नाशिक

ताई,
तुमचं चुकत नाही. ते 90,000 बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला 7,500 होतात. म्हणजे खरा खर्च 34,500, आणि आजच दरमहा 1,550 कमी पडतात. हे पटकन लक्षात येत नाही, कारण ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज तीन महिन्यांनी एकदम 61,500 असं जमा होतं आणि त्या महिन्यात हात सैल सुटतो. व्याज जमा झालं की त्याच दिवशी 22,500 वेगळ्या खात्यात टाका. वर्षाचे खर्च तिथूनच करायचे. मग कमी काय पडतंय ते वहीत दर महिन्याला दिसेल.

पण खरी काळजी पुढची आहे. नोकरीत असताना दर वर्षी थोडी तरी पगारवाढ व्हायची, त्यामुळे महागाई आली तरी घर चालत राहिलं. तुमच्या मिस्टरांच्या ‘भागतंय’मागे तोच इतक्या वर्षांचा अनुभव आहे. व्याजाला पगारवाढ नसते. पीएफच्या पेन्शनला महागाई भत्ता नाही, आणि त्यांच्या माघारी तुम्हाला मिळेल ती त्याच्या निम्मी, म्हणजे 1,600. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर आजचे 34,500 पाच वर्षांनी 46,000च्या घरात जातात. उत्पन्न मात्र 32,950च राहतं. पाच वर्षांनी दोन्ही योजनांची मुदत संपेल, तेव्हा नवा दर काय असेल ते आज कोणीच सांगू शकत नाही.

म्हणून ते 6 लाख मुलाला देऊ नका. हे मी मुलाच्या विरोधात सांगत नाही. तुमच्याकडे हात घातला की लगेच मिळेल असा पैसा एवढाच आहे. उद्या दवाखान्याला दोन लाख लागले आणि बँक रिकामी असली, तर योजना मोडावी लागेल. ज्येष्ठ नागरिक योजना वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही, दिलेलं असेल तर तेही मुद्दलातून कापून घेतात. वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत मोडली तर मुद्दलाच्या दीड टक्का कापतात. मासिक योजना तर पहिलं वर्षभर मोडताच येत नाही. मोडल्यावर दर महिन्याचं व्याज घटतं ते वेगळंच. फ्लॅटसाठी मुलाला कर्ज मिळतं. तुम्हाला म्हातारपणासाठी कर्ज कोण देणार?

तूट भरून काढायचा मला दिसणारा मार्ग मिस्टरांना कदाचित आवडणार नाही. 58 हे वय घरी बसायचं नाही. अंबड-सातपूरच्या छोट्या कारखान्यांना अनुभवी माणूस अर्ध्या दिवसासाठीही हवा असतो. महिन्याला 12,000 मिळाले तर आजची तूट भरून 10,000 उरतात. महागाईने तूट वाढत जाईल, तरी कमाई वाढवून दर महिन्याला तेवढे पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकत राहिलात, तर सध्याच्या 6.7 टक्के दराने पाच वर्षांत सात लाखांच्या वर जमतात. तोवर तुम्ही साठी ओलांडलेली असाल. मासिक योजनेचे 15 लाख तेव्हा तुमच्या स्वतःच्या नावे ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकता येतील. आजच्या 8.2 टक्क्यांनी त्याचे महिन्याला 10,250 होतात, म्हणजे आत्ताच्या 9,250पेक्षा हजार जास्त. काम मिळालंच नाही, तर खर्चात कपात आत्ताच करा, आणि ती विम्याच्या हप्त्यात नको. वाढत्या वयात एकदा बंद पडलेला विमा पुन्हा मिळणं अवघड जातं.

मिस्टरांशी बोलताना ‘तुमचा हिशेब चुकलाय’ असं म्हणू नका. तेहेतीस-चौतीस वर्षं राबून जमवलेल्या पैशावर कोणी बोट ठेवलं की माणूस दुखावतो, आणि मुलाला द्यायला हात आखडता घेणं बापाला कमीपणाचं वाटतं. वहीत तिसरा रकाना आखा, वर ‘पाच वर्षांनी’ लिहा आणि किराणा, औषधं, गॅस, विमा यांचे आकडे त्यांच्याकडूनच भरून घ्या. बेरीजही त्यांनाच करू द्या.

आणि पासबुकं बाहेर काढलीच आहेत, तर ज्येष्ठ नागरिक योजनेत वारस म्हणून तुमचं नाव लागलंय का, तेही बघून घ्या. नसेल तर या आठवड्यातच पोस्टात जाऊन अर्ज भरा.