लव्हली आधी, वुडन शेवटी: असं का?

प्रश्न: नाशिकमध्ये जुन्या वाड्यांतलं फर्निचर विकतो. इंग्रजीत 'अ वुडन ओल्ड लव्हली टेबल' लिहिलं, तर मुलगी म्हणाली 'अ लव्हली ओल्ड वुडन टेबल' हवं. का?

उत्तर: मुलीचं बरोबर आहे. वस्तूपासून वेगळा न करता येणारा गुण नामाला चिकटून बसतो आणि बघणाऱ्याचं मत सगळ्यात लांब, म्हणजे पहिलं येतं. टेबल लाकडाचं आहे यावर वाद नाही, म्हणून 'वुडन' टेबलाशेजारी. 'ओल्ड' मधे, कारण जुनं किती हे तुलनेवर ठरतं. 'लव्हली' तर पूर्ण तुमचं मत. मराठी कानालाही 'सुंदर जुनं लाकडी टेबल' हेच सहज वाटतं, त्यामुळे आधी मराठीत म्हणून पाहा.

मधल्या जागा साधारण अशा: मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, साहित्य, उपयोग. पाठ करायची गरज नाही, एका वेळी दोन-तीनच विशेषणं लागतात.

अडलात तर शब्दाआधी 'व्हेरी' लावा. 'व्हेरी लव्हली', 'व्हेरी ओल्ड' चालतं, 'व्हेरी वुडन' चालत नाही. जे चालत नाही ते नामाजवळ. पितळी समईलाही हेच: 'अ ब्यूटिफुल ओल्ड ब्रास लॅम्प'. वेगवेगळ्या गटांतल्या अशा विशेषणांत स्वल्पविराम नको.

अपवाद एक: दुकानात दोन जुनी टेबलं असतील, एक लोखंडी आणि एक लाकडी, तर बोलताना 'वुडन'वर जोर देऊन 'द वुडन ओल्ड टेबल' म्हणता येतं. पाटीवर मात्र तो जोर दिसत नाही, तिथे नेहमीचा क्रमच ठेवा.