१०१ पूल : हात खेळायचा की ड्रॉप? (एका हाताचा हिशोब)

प्रश्न : "१०१ पूल खेळतो, सहा जणांचं टेबल. मोठे पत्ते लवकर टाका म्हणतात, ते करतो तरी ६०-७० चे फटके बसून तिसऱ्या-चौथ्या डावातच बाहेर. काल हा हात आला, जोकर ८ चा : इस्पिक राजा-राणी, बदाम राजा, किलवर एक्का, चौकट गुलाम, बदाम १०, किलवर ९, बदाम ७-६, चौकट ५ आणि ३, इस्पिक २ आणि इस्पिक ८. जोकर होता म्हणून खेळलो, ६८ लागले, शेवटपर्यंत राजा-राणी-राजा हातातच. ड्रॉप नक्की कधी मारायचा?"

हा हात पहिल्याच चालीला ड्रॉप होता भाऊ. पत्ता उचलायच्या आधी. २० घ्यायचे आणि पुढचा डाव बघत बसायचा.

आता का ते सांगतो. तुझ्या हाताची बेरीज कर. सहा मोठे पत्ते म्हणजे ६०, वर ९, ७, ६, ५, ३, २ मिळून ३२, जोकर शून्य. झाले ९२. कॅप ८० ला आहे म्हणून, नाहीतर ९२ चा हात होता. आणि यात काही विशेष वाईट नशीब नाही बरं का, एक्क्यापासून राजापर्यंत प्रत्येकी एक पत्ता धरला तरी बेरीज ९४ होते, म्हणजे साधारण हात वाटला जातो तोच ८० च्या वर असतो. त्यामुळे "हात ठीक वाटला" याला अर्थ नाही, बघायचं फक्त प्युअर कुठून येणार ते. तुझ्याकडे प्युअर तयार नाही, दोन पत्त्यांच्या जोड्या दोन (राजा-राणी आणि ७-६) आणि जोकर एकच. आणि जोकर प्युअरमध्ये चालत नाही, म्हणजे ज्याच्या भरवशावर तू थांबलास तो सगळ्यात पहिल्या कामाला उपयोगाचाच नव्हता!

पूलमध्ये अजून एक गोष्ट लोक विसरतात. पॉइंट्स रमीत जिंकलास तर बाकीच्यांचे पॉइंट तुला मिळतात, पूलमध्ये जिंकणाऱ्याला फक्त शून्य लागतात, तुझा स्कोअर कमी काही होत नाही. म्हणजे समोर दोन पर्याय : नक्की २०, नाहीतर खेळून जिंकलो तर ० आणि हरलो तर जे काय लागेल ते. असा हात हरला की सरासरी ५० लागतात असं धर, तर खेळणं आणि ड्रॉप बरोबरीत यायला तुला दहापैकी सहा वेळा जिंकायला लागेल. सहा जणांच्या टेबलवर या हाताने? अजिबात नाही. उलट हात चांगला असेल, प्युअर तयार असेल आणि हरलास तरी २५ च्या आसपासच लागणार असतील, तर दहात दोनदा जिंकलास तरी पुरतं. म्हणून मी स्वतःला "जिंकेन का" हे विचारतच नाही, "हरलो तर किती" हे विचारतो.

माझा ढोबळ नियम असा आहे : प्युअर तयार असेल तर खेळायचं. तयार नसेल तर दोन जोकर हवेत आणि सोबत दोन्ही बाजूंनी उघडी एक जोडी हवी (७-६ सारखी, ८ किंवा ५ कुठलाही आला तरी चालेल अशी). यातलं काहीच नसेल तर ड्रॉप. मोजून बघशील तर याने पाचातले दोन-तीन हात ड्रॉपला जातात, कंटाळवाणं आहे, मान्य. पण तुझे ६८ म्हणजे तीन ड्रॉपपेक्षा जास्त झाले.

मोठे पत्ते टाकतो म्हणतोस पण टाकलेस कुठले? राजा-राणी-राजा हातात राहिले म्हणजे एक्का, गुलाम, १० गेले असणार. एक्का पहिला गेला ते बरोबर. एकटा एक्का सगळ्यात रद्दड पत्ता, १० पॉइंट आणि सिक्वेन्स फक्त दोन प्रकारे बसते, एक्का-२-३ किंवा राणी-राजा-एक्का. राजाचंही तसंच, दोनच. गुलाम आणि राणीच्या मात्र तीन-तीन होतात, आणि १० च्याही. म्हणजे सगळे १० चेच असले तरी क्रम लागतो, आधी सुटे एक्के आणि राजे, मग सुटे गुलाम-राणी. तुझ्या हातात बदामचा राजा सुटा होता, तो दुसऱ्या चालीला जायला हवा होता. तू बहुतेक "दोन राजे आहेत, तिसरा आला की सेट" म्हणून ठेवलास. आमच्याकडे गणपतीत रात्री जागायला रमी मांडतात तिथे माझे काका अजून हेच करतात, तीन राजे लागले की चेहरा उजळतो. पण सेटचा घोळ असा की प्युअर आणि दुसरी सिक्वेन्स दोन्ही होईपर्यंत सेट मोजला जातो. प्युअर आहे, राजांचा सेट आहे, दुसरी सिक्वेन्स नाही, आणि कोणी डिक्लेअर केलं तर त्या तीन राजांचे ३० पूर्ण लागतात. म्हणून मोठ्यांचा सेट धरायचाच नाही जोवर दुसरी सिक्वेन्स दिसत नाही, आणि जोकर आला की तो आधी दुसऱ्या सिक्वेन्सला लावायचा, सेटला नाही.

इस्पिक राजा-राणीची जोडी वेगळी. ती लगेच टाकू नकोस, सुरुवातीला सगळेच मोठे पत्ते सोडत असतात त्यामुळे गुलाम किंवा एक्का ओपनला पडायचा चान्स पहिल्या तीन-चार चालीतच असतो. तेवढी वाट बघ. त्यानंतर नाही आला तर दोन्ही जायला हवेत, राजा आधी. पाचव्या चालीनंतर राजा-राणी धरून बसलेला माणूस म्हणजे २० पॉइंट हातात घेऊन बसलेला माणूस. आणि टाकताना डावीकडच्याने (म्हणजे तुझ्यानंतर ज्याची चाल आहे त्याने) ओपनमधून काय उचललंय ते बघ, त्याने इस्पिक १० उचलला असेल तर राणी दोन चाली दाबून ठेवलेली बरी. अजून एक, जोकर ८ चा असला की ७ आणि ९ टाकायला तुलनेने सेफ, कारण ज्याच्याकडे ८ आहे तो ते जोकर म्हणून दुसरीकडे वापरतो, ६-७-८ मध्ये अडकवत नाही शक्यतो.

आता मिडल ड्रॉप, तुझाच हात पुढे नेऊन दाखवतो. समज खेळलासच. चार चालीत एक्का, चौकट गुलाम, बदामचा राजा आणि बदाम १० टाकलेस आणि आले काय तर बदाम ५, किलवर ६, इस्पिक ३, चौकट ९. आता बदाम ५-६-७ प्युअर झाली. इस्पिक २-३ ला ८ चा जोकर लावला, दुसरी सिक्वेन्सही झाली. उरले राजा, राणी, दोन ९, किलवर ६, चौकट ५-३. बेरीज ५२. मिडल ड्रॉप ४० चा, म्हणजे मारावा का? नाही. कारण पुढच्या दोन चालीत राजा-राणी जाणार, त्या जागी ३-४ सारखे बारीक आले तरी ४० च्या आत आलास, आणि एकदा ४० च्या आत आलास की मिडल ड्रॉपला काही अर्थच उरत नाही, हरलास तरी त्यापेक्षा कमीच लागणार.

आता फक्त एक पत्ता बदल. बदाम ५ च्या जागी चौकट ७ आलाय. बाकी सगळं तेच. प्युअर नाही, म्हणजे सगळंच मोजणार, २-३-जोकर पण काही कामाची नाही. बेरीज ७७. दोन चालीत राजा-राणी टाकलेस तरी बारीक पत्ते धरून ६० च्या वरच राहतोस. सगळा फरक एका पत्त्याचा, ५२ विरुद्ध ७७. इथे ४० घेऊन उठायचं, जड वाटलं तरी. चौथी-पाचवी चाल झाली, प्युअर नाही, आणि दोन चालीत ४० च्या आत येत नाही, तर मिडल ड्रॉप. सातव्या-आठव्या चालीपर्यंत ताणून मग मारणं म्हणजे तोवर कोणीतरी डिक्लेअर करतंच. आणि ड्रॉपचं बटण तुझी चाल आल्यावर, पत्ता उचलायच्या आधीच चालतं, एकदा उचललास की ती चाल खेळायलाच लागते, हे घाईत लोक विसरतात.

स्कोअर बघूनही हे बदलतं. १०१ ला बाहेर, म्हणजे १०० वर तू जिवंत आहेस. ६० पर्यंत असशील तर मिडल ड्रॉप परवडतो, ६१ झाले की ४० मिळवून १०१ होतात, म्हणजे मिडल ड्रॉप संपला. तिथून फक्त पहिला ड्रॉप शिल्लक, तोही ८० पर्यंतच. म्हणून ६१ ते ८० मध्ये निर्णय पहिल्या चालीलाच घ्यायचा, "दोन पत्ते बघतो मग ठरवतो" हा पर्याय नसतोच तिथे. ८१ पासून पुढे ड्रॉप नाही, जो हात येईल तो खेळायचा, तिथे पहिल्या चालीपासून सगळे सुटे मोठे पत्ते टाकत सुटायचं. बाकीच्यांचे आकडेही बघ, तिघे उरलेत आणि बाकी दोघे ८५-९० वर आहेत, ते ड्रॉप करूच शकत नाहीत. तू ४० वर असशील तर साधारण हातालाही ड्रॉप मारून बाजूला हो, दोघांपैकी एकाला लागणारच. दोघेच उरलात तर मात्र हे चालत नाही, तू ड्रॉप मारलास की तो शून्यावर सुटतो.

(आता हे सगळं मी चिप्सवर खेळतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशांच्या गेमवर बंदीचा कायदा आला तेव्हापासून पैशाची टेबलं बंद, आणि कोणी वेगळी लिंक पाठवली तर त्यात पडू नकोस.)

शेवटचं, तुझे ६८ नीट तपास. प्युअर झाली असेल तर ती लगेच वेगळा ग्रुप करून ठेवायची, आणि सॉर्टचं बटण दाबलंस की ग्रुप परत बघायचे. मला एकदा प्युअर असून ७१ लागलेत, कारण माझ्या ६-७-८ ला चुकून चौथा पत्ता दुसऱ्याच रंगाचा चिकटला होता, समोरच्याने डिक्लेअर केलं आणि टाइम संपेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही. नेट गेलं तर बऱ्याच ॲपवर तीन चाली चुकल्या की आपोआप मिडल ड्रॉप बसतो, ते ४० पण वेगळे धर. पुढच्या दहा हातांचं एवढंच लिहून ठेव : पहिल्या चालीला बेरीज किती, प्युअर होती का, शेवटी किती लागले. मग टाक इथे, बघू कुठे गळतंय.