दोन कंपन्यांचे राऊटर एकाच घरात

भाऊ, मनीषनगरच्या दोन मजली घरासाठी वर-खाली दोन वेगळ्या कंपन्यांचे राऊटर आहेत म्हणून लगेच नवा मेश सेट, म्हणजे अनेक राऊटर मिळून एकच वायफाय देणारा, नको घेऊ. खोक्यावर नुसतं 'मेश' लिहिलंय म्हणून दुसऱ्या कंपनीशी जुळेलच असं नाही, दोन्हीकडे इझीमेशचं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे मेश जुळवायच्या स्टँडर्डचं, सर्टिफिकेशन असेल तर जुळायची आशा, पण फोन एका राऊटरवरून दुसऱ्यावर कधी सरकेल याची हमी त्यातही नाही, ते शेवटी फोनच ठरवतो.

त्यापेक्षा वायर टाक नं. खालच्या राऊटरचा IP पत्ता 192.168.1.1 असेल तर वरच्याला आधी 192.168.1.2 दे आणि त्याचं DHCP, म्हणजे फोनांना पत्ते वाटायचं काम, बंद कर, नवीन लोक हेच विसरतात अन् मग नेट मधूनच जातं. मग वायर खालच्याच्या LAN पोर्टमधून वरच्याच्या LAN पोर्टमध्येच, वरच्याच्या WAN मध्ये लावली तर दोन वेगळी नेटवर्क होतात. दोन्हीकडे वायफायचं नाव, पासवर्ड, सिक्युरिटी सेम, चॅनल मात्र वेगळे. वर जाऊनही फोन खालचाच सिग्नल धरून बसला तर खालच्याची पॉवर थोडी कमी कर.