सही करण्याआधी मेमो घड्याळ लावून वाच

प्रिय,

तू पाठवलेला डील मेमो दोनदा वाचला. दिवसाला बारा हजार हा आकडा वाचून तू खूश झालीस, ते साहजिक आहे. ए-कॅमेरा ऑपरेटर म्हणून पहिल्या वेब सिरीजला तो वाईट नाही, त्यामुळे त्यावर घासाघीस करू नकोस. माझं लक्ष गेलं ते त्याखालच्या ओळीवर: ‘ओव्हरटाइम इंडस्ट्रीच्या प्रचलित पद्धतीप्रमाणे.’ मुंबईत ही पद्धत प्रत्येक प्रॉडक्शन हाऊसची वेगळी असते. कुणी तासावर पैसे देतं, कुणी अर्धी शिफ्ट धरतं, कुणी बाराव्या तासानंतरचा पहिला तास ‘ग्रेस’ म्हणून सोडून देतं. वाद झालाच तर ‘आमच्याकडे असंच असतं’ हे वाक्य तुला ऐकवणारा माणूस त्यांचा असेल, तुझा नाही.

तुझंच उदाहरण घेऊ. सहा दिवस वाईला आउटडोअर आहे. समज, सकाळी सातचा कॉल आहे आणि रात्री साडेनऊला पॅकअप ओरडलं. नट गाडीत बसतात, मेकअपवाले निघतात. कॅमेरा डिपार्टमेंट मात्र लेन्स पुसून पेट्यांत घालतं, कार्ड डेटावाल्याच्या हातात देतं, बॅटऱ्या मोजतं. सगळं टेम्पोत चढेपर्यंत सव्वादहा. आता बघ, बारा हजार भागिले बारा म्हणजे तासाला हजार आणि ओव्हरटाइम दीडपट धरला तर पंधराशे. सात ते सव्वादहा मोजलं तर सव्वातीन तास जादा, म्हणजे ४,८७५ रुपये. पॅकअपच्या आरोळीपर्यंतच मोजलं तर अडीच तास, ३,७५०. वर एक तास ग्रेस काढून घेतला तर दीड तास, २,२५०. रात्र तीच, घाम तोच. पहिल्या आणि शेवटच्या हिशेबातला फरक रोजचा २,६२५ आणि सहा दिवसांचा १५,७५० होतो, म्हणजे तुझ्या एका दिवसाच्या मानधनापेक्षा जास्त.

म्हणून मेमोत तीन गोष्टी सरळ लिहून घे. दिवस बारा तासांचा, जेवणाची सुट्टी धरून. तो कॉलटाइमला सुरू होतो आणि कॅमेऱ्याचं सामान आवरून झाल्यावर संपतो, पॅकअपच्या घोषणेला नाही. त्यापुढे दर तासाला दीडपट. दीडपटीला ते नाही म्हणाले तर सरळ तासाचा दर घे, पण मोजणी कुठून कुठपर्यंत हे सोडू नकोस. दरात थोडं सोडल्याचं नुकसान मर्यादित असतं. मोजणीची रेषाच धूसर राहिली तर दिवसाला किती जाईल, हे तुला आधी कळतच नाही.

आउटडोअरला आणखी एक पाहायचं: हॉटेल ते लोकेशन. वाईत सेट घाटाजवळ नसून धरणाच्या बाजूला वगैरे असेल तर जाण्यायेण्यात प्रत्येकी चाळीस मिनिटं सहज जातात. ही मिनिटं शिफ्टमध्ये धरायला प्रॉडक्शन बहुधा तयार होत नाही, आणि त्यासाठी मी भांडणारही नाही. पण दोन दिवसांमधल्या विश्रांतीसाठी भांड. सव्वादहाला आवरलंस, पावणेअकराच्या पुढे हॉटेलवर पोचलीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सातचा कॉल असेल, तर सहा वीसला गाडी निघते. मधे जेमतेम साडेसात तास, त्यातच जेवण, आंघोळ आणि झोप. खांद्यावर कॅमेरा घेऊन दगडी पायऱ्यांवरून उलटं चालायचं असेल, तर ही सोयीची नाही, सुरक्षेची बाब आहे. किमान दहा तासांची विश्रांती लिहून माग, आणि ती मोडली तर कमी पडलेले तास ओव्हरटाइमच्या दराने. पैसे मिळावेत म्हणून नव्हे, तर लाइन प्रोड्यूसरला दुसऱ्या दिवशीचा कॉल पुढे ढकलणं स्वस्त वाटावं म्हणून.

आता गिंबल. मेमोत ‘स्वतःच्या गिंबल आणि वायरलेस मॉनिटरसह’ असं मानधनाच्या ओळीतच घुसवलंय. चलाखी आहे. यात तुझं काम बारा हजाराचं की आठ हजाराचं, हे कुणालाच कळत नाही. पुढच्या कामाला गिंबल नको असेल, तर ते आठच देऊ करतील. दोन ओळी वेगळ्या करून घे: ऑपरेटरचं मानधन बारा, सामानाचं भाडं वेगळं. बिलातही वेगळं दाखव, कारण मानधनाचा आणि यंत्राच्या भाड्याचा टीडीएस एकाच दराने कापत नाहीत. तुझ्या सीएला विचार, पाच मिनिटांचं काम आहे.

भाड्याच्या दुकानातून कॅमेरा आला की सोबत अटेंडंट येतो. तुझ्या गिंबलसोबत कुणी येणार नाही. शॉट संपल्यावर तो पावसात कोण झाकणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाक. प्रॉडक्शनचा विमा असेल तर तुझं सामान त्या यादीत आहे का ते विचार. यादीत नसलेलं काही फुटलं की विमा कंपनी हात वर करते. प्रत्येक वस्तूचं नाव, सीरियल नंबर आणि आज नवी घेतली तर लागणारी किंमत अशी यादी मेमोला जोड. क्लेममध्ये जी पहिली रक्कम विमा कंपनी देत नाही, ती प्रॉडक्शन भरेल, हेही लिही. सुट्टीच्या दिवशी सामान वाईतच अडकून राहणार असेल तर त्या दिवसाचं भाडं चालू राहतं की अर्धं होतं, तेही.

श्रेयाबद्दल मेमोत फक्त ‘निर्मात्याच्या मर्जीनुसार’ आहे. ऑपरेटरला सुरुवातीच्या पाट्यांत स्वतंत्र कार्ड मिळेल अशी आशा धरू नकोस. मात्र शेवटच्या यादीत ‘कॅमेरा ऑपरेटर (ए-कॅमेरा)’ हेच पद आणि नावाचं स्पेलिंग तू देशील तसंच, एवढं नक्की करून घे. नाहीतर सगळ्या ऑपरेटरांची नावं ‘अतिरिक्त कॅमेरा’खाली एकत्र जातात. नाव चुकून राहिलं तर तो करारभंग नाही, असं वाक्य अशा करारांत असतंच आणि ते कुणी काढत नाही. त्याला पुढे शेपूट जोड: लेखी कळवल्यावर पुढच्या भागांत आणि पुढे बनणाऱ्या प्रतींत दुरुस्ती केली जाईल. ओटीटीवर फाइल बदलता येते, त्यामुळे ही मागणी अव्यवहार्य नाही. शेड्यूल अर्धवट सोडावं लागलं तर नाव राहील का, हे विचारायला लाजू नकोस.

पैशांची मुदत ‘चॅनलकडून पैसे आल्यावर’ अशी असेल तर खोडायला सांग. तुझी उद्यम नोंदणी नसेल तर कामाआधी करून घे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना काम स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यायचे, असं २००६ च्या कायद्यात आहे. करारात त्याहून लांबची मुदत लिहिली तरी ती चालत नाही.

हे सगळं फोनवर बोलू नकोस. आज रात्रीच मेल टाक, साधारण असा: ‘मेमो मिळाला, धन्यवाद. सही करण्याआधी एवढ्या दुरुस्त्या हव्या आहेत,’ आणि खाली त्या ओळी. ते सगळ्या मानणार नाहीत. ज्या मानल्या त्या मेमोत चढवून, दोघांच्या सहीची प्रत हातात आल्यावरच वाईची बॅग भर. शूटवर रोज आवरल्यावर लाइन प्रोड्यूसरला व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठव: ‘आज कॉल ७.००, सामान आवरलं १०.१५.’ त्याने नुसता अंगठा दाखवला तरी पुरे. बिलासोबत त्याच ओळींचे स्क्रीनशॉट आणि रोजच्या कॉलशीट जोड.

तुझा,
काका