हवामान केंद्राच्या प्रकल्पात पर्जन्यमापक आधी नीट करा

मॅडम, कोल्हापुरात जुलैमध्ये हा प्रकल्प घेताय ते उत्तम. तापमापक, वाऱ्याची दिशा हे जमेल. मुलं अडतात ती पावसाच्या आकड्यांवर.

बाटलीवर नरसाळं ठेवून पर्जन्यमापक केला असेल तर बाटलीत साठलेलं पाणी पट्टीने मोजू देऊ नका. नरसाळ्याचं तोंड बाटलीपेक्षा रुंद असलं की पाऊस फुगून दिसतो. त्यापेक्षा पाणी मोजपात्रात ओतून मिलिलिटर लिहायला सांगा. तोंडाचा व्यास १० सेंमी असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी, म्हणजे १ मिमी पावसाला ७.८५ मिली पाणी. १५७ मिली निघालं तर पाऊस २० मिमी. हे गणित मुलांनीच फळ्यावर करावं, पुढे महिनाभर ती विसरत नाहीत. एक लिटरची बाटली साधारण १२७ मिमीला भरते. गगनबावड्याकडची शाळा असेल तर मोठा कॅनच घ्या.

नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही त्याच वेळी मोजतं आणि आकडे ताडून बघता येतात. शाळा अकराची असेल तर जवळ राहणाऱ्या दोघा-तिघांची पाळी लावा.

खरी अडचण रविवारची. त्या दिवशी कुणी आलं नाही की सोमवारचा स्तंभ आलेखात उगाच उंच दिसतो, आणि मुलं "सोमवारी जास्त पाऊस पडतो" असं लिहून मोकळी होतात. तो आकडा दोन दिवसांत वाटून टाकू नका. वहीत "दोन दिवसांचा एकूण" असं लिहा. महिन्याच्या बेरजेत तो घ्या, रोजच्या तुलनेतून वगळा.